अवैध चेंडू

आमच्या खरवईच्या टेनिस क्रिकेट स्पर्धेत माइक माझा असायचा. माझाच. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात पिच आखली की अध्यक्ष विष्णुपंतांच्याही आधी मला निरोप यायचा, गुरुदत्त, रविवारी शिफ्ट लावून घेऊ नकोस. अंबरनाथच्या कारखान्यात मी आठ तास मशीनसमोर उभा राहणारा माणूस. तिथल्या आवाजात माझं बोलणं शेजारच्यालाही ऐकू जात नसे. आणि इथे मी बोललो की अख्खं गाव मान वर करायचं. त्या माइकसाठी मी काहीही केलं असतं, खोटं कशाला सांगू?

बदलापूरची नगरपालिका नुकतीच वेगळी झाली होती, तेव्हाची गोष्ट. आदल्या वर्षी बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांनी भाषणात माझी टिंगल केली. म्हणाले, खेळ छान झाला, पण मराठी काही कानावर पडली नाही. झालं. विष्णुपंतांना ते फार लागलं. स्पर्धेचे अध्यक्ष आणि त्यात निवृत्त हेडक्लार्क, म्हणजे अपमान फाइल करून ठेवणारच. त्यांनी फर्मान काढलं की यंदा कॉमेंट्री अस्सल मराठीत. माझ्या तोंडून एक जरी इंग्रजी शब्द गेला, तर पुढच्या वर्षीपासून माइक दुसऱ्याचा. आणि लक्ष ठेवायला माझ्या शेजारी खुर्ची टाकून कोण बसणार? तर श्रीपाद सर, बदलापूरच्या शाळेतले मराठीचे मास्तर.

माझंही डोकं तापट. मी म्हटलं, बसवा की, मी काय घाबरतो?

घाबरलो होतो, अर्थात. आठवडाभर सरांच्या घरी शिकवणीला गेलो. सर हौशी माणूस, शब्द दिला की त्याची कुंडलीही सांगायचे. बॉल म्हणजे चेंडू, ओव्हर म्हणजे षटक, विकेटकीपर यष्टिरक्षक, नॉटआऊट नाबाद. गोलंदाज शब्दाला मी नाक मुरडलं, म्हटलं हा फारच संस्कृत वाटतो. सर हसून म्हणाले, हा फारसीतून आलाय, राहू दे, चारशे वर्षांत आपलाच झालाय. वाइडला त्यांनी स्वैर चेंडू काढून दिला. नो बॉलशी ते जरा अडखळले. पेपरवाले नो बॉलच लिहितात म्हणाले, पण अट म्हणजे अट, तू अवैध चेंडू म्हण. घरी माझी बायको वृंदा पोळ्या लाटताना मी षटक, यष्टिरक्षक घोकत बसायचो. शेवटी ती वैतागून म्हणाली की जेवताना तरी मीठ साध्या मराठीत मागा.

रविवारी सकाळी सुरुवात बरी झाली. मिडविकेटला सरांकडेही शब्द नव्हता, मग मी चिंचेची बाजू आणि तळ्याची बाजू अशी वाटणी करून टाकली. लोकांना ती इंग्रजीपेक्षा लवकर कळली. यष्टिरक्षकाने मात्र घात केला. तो शब्द पुरा होईपर्यंत चेंडू परत गोलंदाजाच्या हातात पोचलेला असायचा. शेवटी मी त्याला नावानेच हाक मारायला लागलो. सरांनी हरकत घेतली नाही.

आणि षटकार! पहिला सिक्स बसला तेव्हा मी घाबरत घाबरत ‘षटकार’ म्हणालो. पण तो ट आणि का माइकवर असा काही फुटला की पोरं नाचायलाच लागली. दुसऱ्या षटकाराला सगळं मैदान माझ्याबरोबर ओरडलं. सिक्स हा शब्द त्यापुढे अगदीच मिळमिळीत. मनात म्हटलं, सर, हे मात्र तुमचं मानलं. दुपारपर्यंत मी त्या शब्दाच्या प्रेमातच पडलो होतो.

सेमीफायनलला, म्हणजे उपांत्य सामन्याला, खरवईसमोर चामटोली. चामटोलीकडे डोंगरातल्या वाडीवरची दोन पोरं होती, वाळू आणि सुकऱ्या. सामना ताणत ताणत शेवटच्या चेंडूवर आला. चामटोलीला तीन धावा हव्यात, शेवटची जोडी मैदानात, वाळू खेळतोय. विष्णुपंत खरवईचे, त्यामुळे ते मंडपात उभे राहून हात चोळत होते.

आता आमची एक पद्धत सांगायला हवी. ढोल आणि शिट्ट्यांच्या गोंगाटात पंचाचं ओरडणं खेळाडूंना ऐकू येत नाही. म्हणून पंचाने खूण केली की माइकवाल्याने ती लगेच सांगायची, आणि दोन्ही संघ माइक ऐकूनच खेळायचे.

गोलंदाजाने चेंडू टाकला. त्याचा पाय रेषेच्या बाहेर पडला आणि उल्हासनगरच्या दोन नंबर कॅम्पातल्या आमच्या किशिनभाई पंचांनी हात आडवा केला. वाळूने तोवर चेंडू आकाशात मारला होता. चिंचेच्या बाजूच्या खेळाडूने झेल घेतला आणि आनंदाने चेंडू पुन्हा वर उडवला. तो त्याच्या हातून निसटून बांधाकडे घरंगळला. खरवईची पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली. वाळू आणि सुकऱ्या पिचच्या मधोमध थांबले. वाळूने तर बॅट काखेत मारली. खरं तर तो आऊट नव्हताच. पळाला असता तर सामना त्यांचा. पण खरवईतल्या कुणाचं आधी पंचाकडे लक्ष गेलं असतं आणि चेंडू स्टंपाला लागला असता, तर सगळं संपलं.

सगळ्या मैदानात पंचाचा हात मी एकट्याने पाहिला होता. मी ओरडलो, ‘अवैध चेंडू! अवैध चेंडू!’

कुणी हललं नाही. वाळू माझ्याकडे तोंड वासून बघत राहिला. ढोलवाल्याला वाटलं मी निकालच सांगतोय, त्याने आणखी जोरात वाजवायला घेतलं. बांधाजवळ एका पोराने चेंडू उचलला, नुसता हातात खेळवत.

माइक गेला असं मला स्पष्ट दिसलं, आणि फार वाईट वाटलं. पण पोराची जिंकलेली मॅच माझ्या माइकपायी हरवायची? मी ओरडलो, ‘नो बॉल रे वाळू, नो बॉल! पळ!’

वाळू असा सुटला की विचारू नका. सुकऱ्याही सुटला. बांधावरून चेंडू येईपर्यंत दोघांनी दोन धावा पुऱ्या केल्या, नो बॉलची एक धरून तीन, आणि चामटोलीची माणसं मैदानात घुसली.

विष्णुपंत तरातरा आमच्याकडे आले. निकालाविषयी ते काही बोलले नाहीत. नो बॉल होता, पद्धत सगळ्यांना माहीत होती. पण हरल्याचा राग कुठे तरी निघायला हवा होता. त्यांनी थेट सरांना विचारलं की याने इंग्रजी शब्द वापरला की नाही. मी माइक खाली ठेवला. खुलासा करायचा नाही असं ठरवलं होतं.

सरांनी चष्मा पुसला. सबंध दिवसात मी त्यांना इतकं ओशाळलेलं पाहिलं नव्हतं.

‘गुरुदत्त दिवसभर मराठीच बोललाय,’ सर म्हणाले.

‘नो बॉल मराठी?’ विष्णुपंतांचा आवाज चढला.

‘पंत, तो अवैध चेंडू म्हणाला तेव्हा तुम्हाला काय कळलं?’

उत्तराची वाट न बघता सरच हळू आवाजात म्हणाले, ‘शब्द मी दिला होता. माझ्या कानाशी तो दोनदा ओरडला. आणि मी विचार करत बसलो की हा म्हणतोय काय. नो बॉल म्हणाला, तेव्हा मी खुर्चीतून उठून पळायलाच निघालो होतो.’

मला हसावं की रडावं कळेना, दोन्ही झालं. विष्णुपंतांनी माइक उचलून माझ्या हातात कोंबला आणि म्हणाले, बोला पुढे, लोक थांबलेत.

मी सरांच्या कानाशी वाकून विचारलं, आता फायनल म्हणू की अंतिम सामना?

‘अंतिम सामना म्हण,’ सर म्हणाले. ‘त्यात घाई नाही.’