लेमा २.३

परीक्षकांचा अभिप्राय चारच ओळींचा होता, पण कामिनी चौधरीनं तो विभागातल्या खिडकीपाशी उभं राहून तीनदा वाचला. "लेखकानं संदर्भ सहामधलं प्रमेय ३.४ वापरलं आहे. त्या लेखात ३.४ हे प्रमेय नाही, उदाहरण आहे. कृपया तपासावं."

कामिनी चोपड्याकडची, केळीवाल्या जीवराम चौधरींची मुलगी. जळगावला गणितात पीएच.डी. करत होती आणि नियतकालिकाकडे पाठवलेला हा तिचा पहिलाच शोधनिबंध. संदर्भ सहा म्हणजे सुरतेला शिकवणाऱ्या प्रा. अभिमन देवरे यांचा लेख. तिनं तो छापून येण्याआधीच इंटरनेटवरून उतरवून घेतला होता, आणि त्यातलाच नंबर दिला होता.

मार्गदर्शक योगेंद्र सरांनी छापील लेख मागवून घेतला. दोघांनी दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या.

"मध्ये एक उदाहरण घातलंय त्यांनी," सर म्हणाले. "प्रमेय, लेमा, उदाहरण, सगळ्यांना एकाच ओळीनं नंबर आहेत. म्हणून पुढचं सगळं एकेकानं सरकलं. तुझं प्रमेय आता ३.५ झालंय. नंबर बदल आणि पाठवून दे."

कामिनीनं ३.५ वर बोट ठेवलं आणि ते तिथंच राहिलं.

"सर, वाक्यही बदललंय."

जुन्या प्रतीत होतं, 'कोणतंही क्रमनिरपेक्ष वलय घ्या', म्हणजे बेरीज-गुणाकार करता येतील असा घटकांचा कोणताही संच, ज्यात गुणाकाराचा क्रम बदलला तरी उत्तर तेच. छापील प्रतीत 'नोएथेरियन' हा एक शब्द वाढला होता; म्हणजे प्रमेय आता सगळ्या वलयांना नाही, ही जादा अट पाळणाऱ्यांनाच लागू होतं. प्रमेय अशा घटकांबद्दल होतं, ज्यांना स्वतःनेच पुन्हा पुन्हा गुणलं की शेवटी शून्य येतं. देवरे म्हणत होते, असा एकच आकडा सापडतो की तितके घटक कोणतेही उचलून गुणले, तरी शून्यच. नोएथेरियन वलयात हे खरं. बाकी ठिकाणी तसा एक आकडा मिळेलच असं नाही, आणि मध्ये घातलेलं ३.४ हे उदाहरण नेमकं तेच दाखवत होतं.

सर खुर्चीत मागे रेलले. "नंबर देताना छापील पान समोर हवं, हे मी तुला सांगायला हवं होतं. आता तूही तोच शब्द घाल. निबंध थोडा लहान होईल, पण खोटा ठरणार नाही."

"शब्द घातला तर मुख्य निकालच अर्धा होतो, सर. थोडे दिवस द्या."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. "घे."

ती घरी गेली. बागेत घड कापणी चालली होती; माणसं, ट्रक, आरडाओरडा. कामिनी ओट्यावर कागद पसरून बसली. सुरुवातीला तिनं देवरेंचंच प्रमेय अटीशिवाय वाचवायचा प्रयत्न केला, आणि ते उदाहरण प्रत्येक वेळी आडवं आलं. मग ती स्वतःच्या सिद्धतेकडे वळली. आपल्याला हे प्रमेय लागतं तरी कुठं? प्रत्येक जागी तिच्या हाताशी मोजकेच घटक होते. मोजके असतील, तर प्रत्येकाचा आकडा वेगळा असला तरी बेरीज करता येते. पुरेसे घटक गुणले की त्यातला कोणतातरी एक इतक्या वेळा येतोच की शून्य व्हावं. अटीची गरजच नव्हती. फक्त सिद्धता अशी फिरवायची होती, की कधीही एका वेळी मोजक्यांहून जास्त घटक लागू नयेत. त्यानं मात्र तिचा घाम काढला.

तो भाग तिनं लेमा २.३ म्हणून, मुख्य निकालाआधीचं साहाय्यक प्रमेय म्हणून लिहिला. त्याखाली नोंद केली: नोएथेरियन वलयांसाठी याहून बलवान निकाल पाहा, संदर्भ सहा, प्रमेय ३.५.

सरांनी तो वाचला, लाल पेन हातात धरून. पेन उघडलंच नाही त्यांनी. "परीक्षकांचे आभार मान शेवटी," एवढंच म्हणाले.

निबंध छापून आला. पुढच्या हिवाळ्यात धुळ्याला परिषद भरली. कामिनीचंही भाषण होतं, म्हणून जीवरामआबा गाडीनं तिला घेऊन आले आणि मागच्या रांगेत बसून राहिले. दुपारी प्रा. देवरे बोलायला उठले. नव्या कामाची सिद्धता सांगता सांगता त्यांनी पडद्यावर एक ओळ आणली: 'चौधरी, लेमा २.३ वरून'.

"माझ्या लेखात इथं एक अट होती," देवरे म्हणाले. "ती मला काढून टाकता आली नाही. इथं ती लागतच नाही, हे जळगावच्या कामिनी चौधरींनी दाखवलं. ही पायरी त्यांची आहे."

योगेंद्र सरांनी मान न वळवता तिच्या हातावर थाप मारली. कामिनीला पडदा नीट दिसेना. तिनं चष्मा काढून पुसला.

चहाच्या वेळी आबा जवळ आले, अहिराणीत विचारू लागले. "तुनं नाव शे ना ते?"

"हां, आबा."

"अन् पुढला आकडा कसाना?"

"तो नंबर धरून कुणीही गेलं, तर मी काय सिद्ध केलं ते त्याला तिथंच सापडतं. ते चूक निघालं, तरी तिथंच सापडेल."

आबांनी बशीत चहा ओतला. देवरे समोरूनच येत होते. आबा पुढं झाले, हात जोडले आणि शुद्ध मराठीत, सावकाश म्हणाले, "नमस्कार. मी लेमा दोन पूर्णांक तीनचा बाप."