टीव्हीतला धाकटा

रविवारी चार वाजले की ताई आईची कूस बदलून द्यायची, पाठीला दोन उशा लावायची आणि पलंगाच्या पायथ्याशी खुर्ची ओढून व्हिडिओ गेमचा कंट्रोलर हातात घ्यायची. आठवड्यातून एवढे दोन तास तिचे स्वतःचे. बाकी सकाळी प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या, दुपारनंतर आई. अर्धांगवायूचा झटका येऊन आईला सात महिने झाले होते. उजवी बाजू गेली होती आणि बोलणं पार बंद झालं होतं. डॉक्टर म्हणाले होते, ऐकू येतं, बरंचसं कळतंही, पण शब्द परत येतील का ते सांगता येत नाही.

खेळायला चौघं असायची. ताई, दूरच्या शहरात शीतगृहाची यंत्रं सांभाळणारा तिचा धाकटा भाऊ, आणि त्याचे दोन मित्र. एक शाळेत गणित शिकवायचा, त्याला सगळे मास्तर म्हणत. दुसऱ्याचा चष्मा बाटलीच्या बुडासारखा जाड, म्हणून तो बॅटरी. गेम ट्रकचा होता. एकाने चालवायचं, एकाने नकाशा बघून वळणं सांगायची, दोघांनी मागचा माल सांभाळायचा. त्यासाठी सतत बोलत राहावं लागे, आणि हे बोलणं व्हायचं पार्टीत. खेळता खेळता चौघांनी एकमेकांशी बोलायची ती सोय. पार्टी कसली, कट्टाच तो.

ताई आधी हेडफोन लावून खेळायची. मग एके दिवशी त्याची वायर पलंगाच्या चाकाखाली आली आणि तुटली. हेडफोन काढल्याबरोबर मित्रांचे आवाज टीव्हीतून यायला लागले, आणि ताईचं बोलणं कंट्रोलरच्या पोटातल्या बारीक माईकमधून जाऊ लागलं. खेळ काही अडला नाही.

त्याच दिवशी ते घडलं. टीव्हीतून धाकट्याचा आवाज घुमला, "ताई, ब्रेक मार, ब्रेक मार!" आणि सात महिने छताकडे बघणाऱ्या आईने मान वळवली. डोळे टीव्हीवर खिळले. ओठाची चांगली बाजू वर गेली. ताई बघतच राहिली. ट्रक दरीत गेला, तो गेलाच.

तिने तसं धाकट्याला फोन करून करून पाहिलं होतं. फोन कानाला लावला की आई डोळे मिटून घ्यायची. टीव्हीतला हा मोठा, भरलेला आवाज मात्र तिच्यापर्यंत पोहोचत होता. ताईने नवा हेडफोन आणायचं नाव काढलं नाही. उलट टीव्हीचा आवाज आणखी चार खुणा वाढवला.

दोन रविवार गेले आणि कुरबुर सुरू झाली.

"कोणाच्या तरी घरातून माझाच आवाज परत येतोय," मास्तर वैतागून म्हणाले. "मी 'डावीकडे' म्हणतो, अर्ध्या सेकंदाने मीच मला सांगतो, 'डावीकडे'. डोकं फिरतं."

"मला पण येतोय," बॅटरी म्हणाला. "बोलता बोलता जीभच अडखळते."

"मला तर काही ऐकू येत नाही," ताई म्हणाली. तिला खरंच काही ऐकू येत नव्हतं.

मास्तरांनी वर्ग घ्यावा तसा प्रयोग लावला. "एकेकाने माईक बंद करायचा. मी बोलत राहतो. बॅटरी, तू आधी." बॅटरीने माईक बंद केला. घुमणं चालूच. धाकट्याने केला, तरी चालूच. "आता ताई." ताईने कंट्रोलरवरचं बटण दाबलं, बारीक केशरी दिवा लागला, आणि मास्तर म्हणाले, "एक, दोन, तीन... गेला! ताई, तुमच्याकडूनच येतोय. आमचे आवाज तुमच्या टीव्हीतून बाहेर पडतात, तुमचा माईक ते उचलतो आणि आमच्याकडे परत पाठवतो. ज्याच्या घरातून गळतं त्याला कधीच ऐकू येत नाही, ही खरी गंमत आहे."

ताईला गंमत वाटली नाही. चोरी पकडल्यासारखे तिचे कान तापले.

"हेडफोन लावा, मिटलं," बॅटरी म्हणाला.

"लावते," ती म्हणाली. पण लावला नाही, कारण मान वळवून बघणारी आई तिला दिसत होती. आईचं ती त्या दोघांना सांगू शकली असती. पण घरातलं दुखणं कट्ट्यावर मांडायला तिची जीभ रेटली नाही. आणि धाकट्याला? झटक्याचं त्याला ठाऊक होतं, पण दर फोनला ती सांगत होती की आई आता बरी आहे, यायची घाई नको.

मग तिने जमेल ते सगळं करून पाहिलं. टीव्हीचा आवाज कमी केला; घुमणं कमी झालं, पण आईची नजर पुन्हा छताला. माईकची तीव्रता खाली आणली. मग ताईचंच बोलणं कोणाला कळेना. गोंगाट गाळायची सेटिंग चालू केली. त्या सेटिंगने पंख्याची घरघर गाळली, टीव्हीतलं बोलणं जसंच्या तसं जाऊ दिलं. माणसाचा आवाज तो माणसाचा आवाज. त्यातला कुठला नको, हे त्या यंत्राने कसं ओळखावं? कंट्रोलर उशीखाली धरला, मांडीत लपवला. शेवटी तिने हात टेकले आणि एकच उपाय उरला. माईक बंद ठेवायचा, आपल्याला बोलायचं असेल तेवढ्यापुरता चालू करायचा आणि लगेच बंद. केशरी दिवा लागला की कोणाचीच तक्रार नाही. आईला धाकटा ऐकू येतो, पोरांना घुमणं नाही. दोन आठवडे सगळं सुरळीत चाललं.

तिसऱ्या रविवारी धाकटा ट्रक चालवत होता. कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "रात्रभर कॉम्प्रेसरशी झुंजलो रे. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही."

"जेव," कोणीतरी म्हणालं.

ताईला आधी वाटलं, टीव्हीतूनच आलं. मग ध्यानात आलं. आवाज मागून आला होता, घोगरा, कडेने फाटलेला. ती वळली. आई टीव्हीकडे बघत होती आणि तिचे ओठ अजून मिटले नव्हते.

कंट्रोलरवर केशरी दिवा जळत होता.

तिने बटण दाबलं. "आई बोलली! आई बोलली रे आत्ता! जेव म्हणाली तुला!"

ट्रक थांबला.

"ताई," धाकटा अगदी हळू म्हणाला, "मला काहीच ऐकू आलं नाही."

"माईक बंद होता. मी बंद ठेवते ना तो. आता चालू आहे. तू बोल, तू बोल तिच्याशी."

"आम्ही दोघं निघतो," मास्तर म्हणाले, आणि ते आणि बॅटरी पार्टीतून गेले.

"आई?" धाकटा म्हणाला. मग पुन्हा, "आई, मी आहे गं. जेवतो. आत्ता जेवतो." मध्येच तो थांबला. "ताई, माझंच परत येतंय. मी आई म्हणतो आणि तिकडून आई येतं. मला क्षणभर वाटलं..."

"तू एक वाक्य बोल आणि गप्प बस. तुझा आवाज विरला की मग ऐक."

तो तसं करू लागला. एक वाक्य बोलायचा, मग वाट बघायचा. ताईने कंट्रोलर आईच्या तोंडाशी धरला, हात भरून आला तरी धरला. पलीकडे त्याला काय ऐकू येत असेल, ते तिला कळत होतं: आधी टीव्हीतून परत गेलेलं त्याचं स्वतःचं वाक्य, मग पंखा, मग आईचा श्वास. आईचे ओठ दोनदा हलले. शब्द निघाला नाही. पाऊण तासाने ती झोपली.

"मी येतो," धाकटा म्हणाला. "टीव्हीतला माझा आवाज तिला कळतो, हे तू मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार होते?" ताई म्हणाली.

रजा मिळायला बारा दिवस गेले. मधल्या रविवारी मास्तरांनी फोन करून विचारलं, बोलण्याचा माईक तोंडाजवळ येईल असा हेडफोन घेऊन आवाज टीव्हीवरच ठेवला तर? गळती खूप कमी होईल. ताई म्हणाली, तोंडाजवळचा माईक माझंच ऐकेल हो, पलंगावरचं कुठून ऐकेल? "हां, ते आहे," मास्तर म्हणाले, आणि उगाच आणखी पाच मिनिटं शाळेतल्या परीक्षांबद्दल बोलत राहिले.

धाकटा सकाळी आला. बॅग दारातच टाकली, हात धुतले आणि पलंगाशी बसला. "आई, बघ, आलो." आईने त्याच्याकडे पाहिलं. चार वर्षांनी घरी आलेला, दाढी वाढलेली, अंगाने भरलेला. तिने पाहिलं, जसं ती सकाळी सांभाळायला येणाऱ्या आयाबाईकडे पाहायची, तसंच. तो बोलत राहिला. मग तिने हळूच मान वळवली आणि बंद टीव्हीकडे बघत राहिली.

"आई, इकडे. मी इकडे आहे."

ती टीव्हीकडेच बघत होती, आवाज कुठून येतोय ते शोधत असल्यासारखी.

धाकटा उठला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून उभा राहिला. ताई मागे गेली नाही. रडायचं असेल तर रडू दे म्हणाली मनाशी. थोड्या वेळाने त्याने तिथूनच हाक मारली, "ताई, टीव्ही लाव. पार्टी उघड."

"अरे, घरात असून?"

"उघड ना."

तो फोनवरून पार्टीत आला, कानात इयरफोन घातले आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. ताईने टीव्ही लावला, आवाज वाढवला. माईक चालू ठेवू की बंद, याचा निर्णय तिला काही केल्या होईना. शेवटी चालूच ठेवला.

"आई," टीव्ही म्हणाला.

आईचा ओठ वर गेला. डोळ्यांत ओळख आली. दहा पावलांवर, बंद दाराआड तो बोलत होता: कामाचं, खोलीवरच्या मित्राचं, शीतगृहातल्या थंडीचं. दाराच्या फटीतून त्याचा खरा आवाज यायचा आणि टीव्हीतून त्याच्या मागोमाग दुसरा. आपलंच बोलणं कानात परत येत असल्याने तो पुन्हा पुन्हा अडखळत होता, पण माईक बंद कर असं एकदाही म्हणाला नाही. दर वाक्यानंतर थांबत होता.

ताई मधोमध उभी होती. दार उघडून त्याला आत आणावंसं तिला वाटलं; आणलं असतं तर आईच्या चेहऱ्यावरचं ते हसू गेलं असतं. तो चार दिवस राहिला आणि चारही दिवस संध्याकाळी स्वयंपाकघरातून बोलला. आई रोज हसली. शब्द मात्र एकही आला नाही.

पाचव्या दिवशी निघताना तो आईच्या पाया पडला. तिने त्याच्या डोक्याकडे पाहिलं, मग ताईकडे, हे कोण म्हणून विचारल्यासारखं.

"रविवारी चारला," तो दारात म्हणाला.

"हो," ताई म्हणाली. "माईक चालूच ठेवीन."