हितं फक्त पहिली पायरी

उसाच्या तुऱ्यांवर धुकं होतं. कुंडलच्या कॉलेजच्या पायरीवर बसलेल्या उत्कर्षाला ते तुरे चालत्या मेंढरांसारखे दिसत होते. मेंढपाळांवरचा तिचा प्रकल्प अख्खा एआयनं लिहिला होता आणि तासाभरात द्यायचा होता.

"मार्केटिंगच्या प्रकल्पाला एआय चाललं, हितं बी चालतंय. लय भितीस गं," वर्गातला सूरज म्हणाला.

तरी तिनं या विषयाची अभ्यासक्रमपत्रिका चाळली. त्यात एआयबद्दल एक अक्षर नव्हतं. प्रकल्पाच्या सूचनापत्रकात मात्र स्पष्ट होतं: कल्पना सुचवून घ्या, लिहा स्वतः, वापर नोंदवा. मुद्द्यांचा आराखडा एआयकडून घ्यावा का, ते नव्हतं. ती विषयाच्या मॅडमकडे गेली, सगळं सांगितलं.

"आराखडाही तुझाच हवा. एआयनं सुचवलेले प्रश्न ठेव, तेवढी पहिली पायरी. उद्या दे, उशिराचे दोन गुण जातील."

"जाऊ देत, मॅडम."

तिनं मसुदा पुसला. गुळगुळीत होता मेला. त्यातलं एकही मेंढरू हागत नव्हतं. उरला एआयनं सुचवलेला एक प्रश्न: धुक्यात वाट कशी सापडते? तिनं म्हसवडला, जन्मभर मेंढरं राखलेल्या हरणाआजीला फोन लावला.

"वाट कुठं दिसती, बाय? म्होरल्या मेंढीच्या गळ्यातली घाट वाजती, ती ऐकायची."

उत्कर्षानं पहिलं वाक्य लिहिलं. धुक्यात तुरे चालू लागले, आणि कुठंतरी घाट वाजली.