खरा ताप

घारूताईला मंगळवारी संध्याकाळी ताप भरला आणि बुधवारी सकाळी तिने मोबाइलवरून मॅनेजरसाहेबांना अर्ज पाठवला. अर्ज चार ओळींचा होता. ताप आहे, डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितलंय, बुधवार ते शुक्रवार आजारपणाची रजा मिळावी, शेजारच्या टेबलावरची बाई माझं काम सांभाळेल, रुजू होताना डॉक्टरांचा दाखला देईन. बस.

सासूबाईंना तो अर्ज मुळीच पसंत पडला नाही. "अगं, एवढंच? रक्त तपासलं ते लिही. उलटी झाली ते लिही. अंग कसं मोडून आलंय ते लिही. वाचून माणसाला दया यायला नको?"

"आई, रजा मागतेय, भीक नाही. माझ्या उलटीचं साहेबांनी काय करायचं?"

असं ठसक्यात म्हणून ती आडवी झाली खरी, पण डोळा लागेना. कूस बदलून बदलून चादरीचा पार बोळा झाला.

ती काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीला होती. उजळ पडद्यासमोरून बाटल्यांची रांग सरकत जाते. बुडबुडा, तडा, खडा, जे दिसेल ते बाजूला काढायचं. बाकीच्यांना बाटली दिसे, हिला थेट तडाच दिसे. म्हणून नाव पडलं घार, आणि मग लाडाने घारूताई. तपासणीची इनचार्ज मावशी महिनाअखेरीला निवृत्त होणार होती आणि तिच्या जागी कोण, हे साहेब शुक्रवारी ठरवणार होते. घारूताईला ती जागा हवी होती. अगदी मनापासून हवी होती, आणि त्यात लाज कसली?

दुपारी फोन आला. शेजारच्या टेबलावरची बडबडी. तोंडाला कुलूप नाही, पण मनाने वाईट नाही.

"काय मग, झाली का?"

"काय झाली?"

"मुलाखत! पलीकडच्या कारखान्यात तपासणीवाल्या घेतायत ना आज-उद्या. आम्हाला काय कळत नाही होय? ताप म्हणे!"

"अगं, खरंच ताप आहे!"

"हो हो. मलाही बहिणीच्या साखरपुड्याला असाच खरा ताप आला होता." बडबडी खळखळून हसली आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण जपून हं. साहेबांच्याही कानावर गेलंय. म्हणाले, जिला जायचंच आहे तिला इनचार्ज करून काय उपयोग?"

फोन ठेवला तेव्हा घारूताईला ताप चढला की राग, हे तिचं तिलाच कळलं नाही.

राग धरायचा तरी कोणावर? तपासणी खात्यात ताप हे आजाराचं नाव राहिलंच नव्हतं. साहेब येऊन बसले त्या वर्षी त्यांनी 'घरगुती काम' असं लिहिलेला प्रत्येक अर्ज परत पाठवला होता. घरगुती काम सगळ्यांनाच असतं, म्हणाले. आजारपणाला मात्र त्यांना नाही म्हणता येईना. झालं! मुलीचा प्रवेश, नळाचा माणूस, मावसबहिणीचं बघणं, सगळ्याला एकच औषध: ताप. दोनच दिवसांचा, कारण त्याहून जास्त झाला की दाखला लागतो. घारूताईनेही हे औषध दोनदा घेतलं होतं. आता पेरलं ते उगवलं होतं.

तिने मोबाइल उचलला आणि दुसरा अर्ज लिहायला घेतला. रक्त, उलटी, अंगदुखी, गोळ्यांची नावं, सगळं घातलं. वाचून पाहिलं तर तिचं तिलाच ते खोटं वाटायला लागलं. खरं बोलणारं माणूस इतकं सांगत बसतं का? तिने सगळं पुसलं. तासाभराने पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं.

"अहो, मला उद्या कारखान्यात सोडा," तिने नवऱ्याला सांगितलं.

"डोकं ठिकाणावर आहे का? झोप गुपचूप."

"बघू देत त्यांना. एकदा तोंड बघितलं की कळेल."

गुरुवारी ती गेलीच. पण नशीब म्हणजे काय चीज असते! निघताना सासूबाईंनी बळेबळेच गोळी दिली, रस्त्यात दरदरून घाम सुटला, आणि साहेबांच्या दारात उभी राहीपर्यंत अंग गार. वर धुतलेला ड्रेस, विंचरलेले केस. एकूण तिचं रूप असं होतं की कुणीही मुलाखतीला बसवावं.

"या," साहेब तिला वरपासून खालपर्यंत बघत म्हणाले. "ताप कसा आहे?"

"आत्ता उतरलाय."

"छान. या खात्यात वर्षभर कुणाला ना कुणाला ताप असतो. साथ आहे म्हणून औषधफवारणी करावी का, अशा विचारात आहे मी."

घारूताईने घरून बरंच पाठ करून आणलं होतं. ते सगळं तिने बाजूला ठेवलं. तिने खुर्ची ओढली आणि न विचारताच बसली.

"साहेब, त्यातले दोन ताप माझे आहेत. दोन्ही खोटे. एकदा मुलीचा शाळेतला प्रवेश होता, एकदा बहिणीला स्थळ बघायला गेलो होतो. हा तिसरा खरा आहे. मुलाखतीला मी गेले नाही. मला इथली जागा हवीय."

"खोटे कशाला लिहिलेत?"

"खरं लिहिलं असतं तर दिली असती रजा?"

साहेबांनी पेपरवेट उजवीकडून डावीकडे ठेवला. मग विचारलं, "इनचार्ज झालात आणि एखादीने खोटा ताप आणला, तर काय कराल?"

"तिला म्हणेन, खरं कारण लिही. आणि मिळवून देईन रजा."

"आणि ताप खरा असला तर?"

"तर काय विचारायचं त्यात?" घारूताई म्हणाली. "खऱ्या तापाला कुणी प्रश्न विचारतं का?"

"घरी जा," साहेब म्हणाले. "दाखल्यात आजाराचा सगळा इतिहास नको. विश्रांतीची गरज होती आणि आता कामावर यायला हरकत नाही, एवढं पुरे."

घरी येऊन ती दिवे लागेपर्यंत मेल्यासारखी झोपली.

जागा तिला मिळाली. मावशीने पडद्याच्या दिव्यांची किल्ली तिच्या हातात दिली. साहेबांनीही 'घरगुती काम' चालेल, पण आधी इनचार्जची सही हवी, असं सांगितलं. दोघीतिघींनी भीत भीत खरी कारणं लिहिली, त्यांना रजा मिळाली. घारूताईची छाती जरा फुगलीच.

आणि मग एका सकाळी बडबडी टेबलाशी आली. हातात कागद. "ताप आल्यामुळे दोन दिवस रजा मिळावी." पुढे काही नाही.

घारूताईने तो वाचला आणि तिला हसूच आलं. एवढं सगळं घडूनही हिची सवय काही जात नाही! आजूबाजूच्या बायकांनीही माना वळवल्या. घारूताईने डोळा मारला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "कुणाचा साखरपुडा गं या वेळी?"

बायका हसल्या. बडबडी हसली नाही. एरवी एका शब्दाला दहा शब्द परत देणारी ती बाई नुसती उभी राहिली.

"लाजू नको, खरं कारण लिही. मी आहे ना," घारूताई म्हणाली आणि कागद परत देताना तिचे हात धरले.

हात चटका बसावा इतके तापलेले होते.

घारूताईने डोळे वर करून आता कुठे नीट तिच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ सुकलेले, डोळे लाल. बारीकशी रेघ लांबून टिपणारी घार, आणि हातभरावरचं हे तिला दिसलं नव्हतं.

"लिहिलंय की," बडबडी हळूच म्हणाली. "आणखी काय लिहू?"

घारूताईने कागद परत ओढून घेतला. सही करायला पेन मात्र सापडेना.