नऊशे प्रोग्रॅम

"तुम्ही फक्त शिकवा, डोकं आम्ही लावू," असं भर मीटिंगमध्ये सुनावून राजवर्धननं सुकन्याला गाझियाबादच्या प्लँटवर ट्रेनिंग द्यायला धाडलं, त्याला दहा वर्षं झाली. ती विसरली नव्हती.

आता कंपनीचा सगळा कारभार चालवणारा सॉफ्टवेअरचा डोलारा, ईआरपी, क्लाउडवर न्यायचा होता. "आहे तसा उचला, तीन महिन्यांत काम फत्ते," राजवर्धन म्हणाला. नव्यानं उभारायला दीड वर्ष लागेल, हे सुकन्यानं कबूल केलं. मग तिनं पडद्यावर नोंद दाखवली: त्यानं लिहिलेल्या नऊशे प्रोग्रॅमपैकी वर्षभरात एक्केचाळीसच चालले होते. "बाकीचा कचराही उचलायचा? आणि दर अपग्रेडला तोच निस्तरत बसायचं?"

डायरेक्टरांनी नव्या उभारणीला होकार दिला.

नव्या सिस्टिमच्या पहिल्या वर्गाला राजवर्धन वही घेऊन आला. "सर, पुढे बसा," सुकन्या सगळ्यांदेखत म्हणाली. "तुम्ही फक्त शिका. डोकं मी लावलंय."