बेकरीवाल्याचा शाफ्ट

बेअरिंग ओढून काढायच्या पुलरचा पाय पुन्हा निसटला, तेव्हा ती बाकड्याला टेकून नुसती उभी राहिली. शिव्या द्यायलाही अंगात त्राण लागतं, आणि तिचं सकाळीच संपलं होतं.

"रिंगेची कड उडाली वाटतं," कोपऱ्यातल्या स्टुलावरून नवरा म्हणाला.

"तुम्हाला तिथून बरं दिसतं सगळं."

"अगं, हात मोडलाय. डोळे नाही मोडले."

त्याचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. याच पुलरने तो मोडला होता. पान्याला पाइप लावून जोर करायला गेला, पुलर सटकला आणि गडी पाइपासकट भिंतीवर. तेव्हापासून दुकानात हात तिचे आणि तोंड त्याचं, अशी वाटणी झाली होती. तोंडाला काही दमणूक नव्हती.

व्हाइसमध्ये धरलेला शाफ्ट बेकरीवाल्याचा होता. कणीक मळायच्या मशीनचा. एका टोकाला ताटाएवढी जाड चकती, मळायचा दांडा तिलाच बोल्टने बसतो. दुसऱ्या टोकाजवळ गंजून घट्ट बसलेलं बेअरिंग. बेकरीवाला सकाळी तो टाकून गेला, तेव्हा त्याच्या कोपरांपर्यंत पीठ होतं. दोन भाऊ हातानेच गोळे मळत होते.

"वहिनी, चकती आणि शाफ्ट एकाच तुकड्यातले आहेत," तो म्हणाला होता. "असं मशीन आता कुणी बनवत नाही. बेअरिंगचा चुरा केलात तरी चालेल, नवं आणलंय. शाफ्ट वाकला तर मात्र भट्टीला कुलूप."

ते कुलूप सकाळपासून तिच्या डोक्यात लोंबत होतं.

पुलरशी तिचं वैर नव्हतं. पुलर म्हणजे दोन पायांचा खेकडा. पाय बेअरिंगच्या मागे अडकवायचे, मधल्या स्क्रूचं टोक शाफ्टच्या तोंडावर टेकवायचं आणि पान्याने आवळत जायचं. शाफ्ट जागचा हलवायलाही नको. किती ताण आला ते मनगटाला कळतं. पण त्याच्या पायांना मागे शिरायला जागा लागते, आणि इथे तीच नव्हती. शाफ्ट एके ठिकाणी एकदम जाड होत होता, त्याला ते स्टेप म्हणत. बेअरिंग त्या स्टेपला अगदी खेटून बसलं होतं. मध्ये जेमतेम नख जाईल एवढी फट. जाडजूड पाय आतल्या रिंगेमागे पोचेनात, म्हणून तिने ते बाहेरच्या रिंगेला लावले होते. शाफ्टला घट्ट धरून बसते आतली रिंग. बाहेरची ओढली की सगळा ताण मधल्या गोळ्यांवर जातो. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

"प्रेसवर नेते," ती म्हणाली.

नवऱ्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याचा रुसवा तिला बोलण्यापेक्षा जड जाई.

जॅकने दाबायचा प्रेस समोरच्या बुशवाल्याकडे होता. गाड्यांचे बुश, म्हणजे सरळ नळीसारखे लोखंडी तुकडे, काढायचे आणि घालायचे, एवढंच तो वर्षानुवर्षं करत आला होता. प्रेस त्याने स्वतःच बनवलेला, टेबल खाली वेल्ड करून टाकलेलं. वर ऐसपैस जागा, खाली वीतभर. तिने हातगाडीवरून शाफ्ट आणला तेव्हा तो डब्यावर बसून पाठ चोळत होता.

"या वहिनी. साहेबांच्या खेकड्याने हात टेकले वाटतं?"

"हात साहेबांचा टेकलाय भाऊजी. खेकडा ठणठणीत आहे."

त्याने बेअरिंगखाली ठेवायला दोन जाड प्लेटा काढल्या. बेअरिंग प्लेटांवर अडवायचं आणि वरून जॅकने शाफ्ट खाली ढकलायचा. सरळ काम. जोर यंत्राचा, मनगटाला त्रास नाही. तिने शाफ्ट उचलून बेअरिंगकडचं टोक वर धरलं, पण खाली लोंबणारा लांब भाग जमिनीलाच टेकला. टेबलाखाली तेवढी उंचीच नव्हती.

"उलटा करा की," बुशवाला म्हणाला. "इकडून दाबलं काय नि तिकडून दाबलं काय, निघायचं ते निघतंच."

ती इतकी थकली होती की त्याचं म्हणणं तिला गादीसारखं वाटलं. तिने शाफ्ट उलटा केला. चकती वर गेली, बेअरिंग प्लेटांवर टेकलं. बुशवाल्याने जॅकचा दांडा मारायला सुरुवात केली. जॅक चकतीवर टेकला, दाबाचा काटा चढू लागला.

बेअरिंग हललं नाही.

"घट्ट आहे लेकाचं," तो म्हणाला आणि आणखी दोन दांडे मारले.

पुलरवर असती, तर तिच्या मनगटाने केव्हाच कुरकुर केली असती. इथे मनगटाला कुणी काही विचारत नव्हतं. बघायला फक्त डोळे. सकाळी तिने स्टेपजवळच्या फटीत गंजाचं तेल सोडलं होतं. त्या फटीतून आता तेलाचा एक थेंब फुगून बाहेर येत होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. बेअरिंग सुटत असतं तर फट रुंदावली असती, तेल आत गेलं असतं. हे तर बाहेर पिळून निघत होतं.

"थांबा भाऊजी. सोडा, सोडा जोर."

त्याने जॅकचा व्हॉल्व्ह सैल केला. काटा खाली आला.

"स्टेप वर आहे," ती म्हणाली. "ती बेअरिंगला प्लेटांवर चेपतेय. असं बेअरिंग निघणारच नाही, आधी शाफ्ट वाकेल."

बुशवाला वाकून बघत राहिला. मग त्याने कान खाजवला.

"बुशाला पायरी नसते हो," तो हळूच म्हणाला.

तिने शाफ्ट बाहेर काढला आणि दोन लोखंडी पट्ट्यांवर ठेवून गोल फिरवला. टोक डगमगलं नाही, म्हणजे वाकला नव्हता, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. नवरा रस्ता ओलांडून येऊन दारात उभा होता. तो काय बोलणार, म्हणून ती आधीच चिडली.

"पुलर ओढतो तो नेहमी टोकाकडेच," तो म्हणाला. "प्रेसला दिशा आपण द्यायची असते. हे मी तुला सांगायला हवं होतं. रुसून बसलो."

"आता काय करायचं ते बोला."

"याच्याकडे सेपरेटर आहे."

बुशवाल्याने खोक्यातून तो शोधला. दोन अर्धुकं, आतल्या कडा सुरीसारख्या पातळ. नखाएवढ्या फटीतही त्या जातात. तिने दोन्ही अर्धुकं आतल्या रिंगेमागे सारली आणि बोल्ट आवळले. कडा पाचरीसारख्या शिरल्या. मग दुकानातून पुलर आणला, त्याचे पाय काढून दोन लांब बोल्टांनी सेपरेटर त्याच्या आडव्या पट्टीला जोडला. पाय नकोतच आता. स्क्रूचं टोक शाफ्टच्या तोंडावरच्या मधल्या खळग्यात बसवलं, तुकडे उडू नयेत म्हणून बेअरिंगवर पोतं गुंडाळलं.

ती आवळत गेली. पाना जड झाला.

"पाइप लावू का?" बुशवाल्याने विचारलं.

नवरा-बायको दोघंही एकदम "नको" म्हणाले.

तिने स्क्रूच्या डोक्यावर हातोडीची हलकी टिचकी मारली. पाना थोडा फिरला. पुन्हा टिचकी, पुन्हा थोडा. मग तो फिरेना.

"राहू दे तसंच," नवरा म्हणाला. "ताण धरून बसू दे त्याला. आपणही बसू."

बुशवाल्याने चहा सांगितला. तिघं डब्यांवर बसले, स्क्रूच्या समोरची जागा सोडून. तिने डोळे मिटले होते. चहा अर्धा झाला असेल, तेवढ्यात पोत्याखालून 'टक्क' असा आवाज आला, कुणी सुपारी फोडावी तसा.

तिने कप खाली ठेवला, पाना फिरवला. तो लोण्यातून फिरावा तसा फिरला.

बेकरीवाला आला तेव्हा शाफ्ट पट्ट्यांवर होता. त्याने पिठाच्या हाताने तो एकदा फिरवला, मग पुन्हा फिरवला. बेअरिंगच्या जागेवरून बोट नेलं. कुठे ओरखडा नव्हता.

"सरळ आहे," तो म्हणाला आणि तिथेच डब्यावर बसला. बराच वेळ उठला नाही.

"नवं बेअरिंग बसवायचंय अजून," ती म्हणाली.

"माझ्या प्रेसवर बसवा," बुशवाला म्हणाला. "यावेळी विचारून दाबीन, कुठली बाजू वर."

नवऱ्याने डाव्या हाताने तिचा गार झालेला चहा उचलून तिच्यापुढे धरला.

"आधी हा संपव," तो म्हणाला.