नोंदी कोणी घेतल्या

रविवारी दुपारी दहिवडीच्या घरी अर्शियाने संपादकांना मेल लिहिला. दुष्काळी भागातल्या भूजलावरचा हा लेख आपल्या नियतकालिकाच्या विषयात बसतो; तो इतरत्र पाठवलेला नाही; हितसंबंधांचा संघर्ष नाही; विहिरीच्या पातळीच्या सर्व नोंदी मी स्वतः घेतल्या आहेत.

तेवढ्यात ओला दोर गुंडाळत तिचे वडील चांदसाहेब आत आले. बावीस वर्षं दर रविवारी विहिरीचं पाणी तेच मोजत होते.

"आमचं नाव हाय का गं त्यात?"

"अब्बा, तिथं शिकलेल्यांचीच नावं असतात."

"मग विहिरीचं तरी घालू नगं. ती कुठं शिकलीया?" ते हसले. तिने मेल पाठवून दिला.

सोमवारी सकाळी ते हृदयविकाराने गेले.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर, ती शिकवायची त्या सांगलीच्या कॉलेजात तिला लेखावरचे परीक्षकांचे अभिप्राय मिळाले. इतक्या चिकाटीने नोंदी घेतल्याबद्दल लेखिकेचं खास कौतुक होतं. तिची मान वर होईना.

सुधारित लेखासोबतच्या मेलमध्ये तिने लिहिलं, "माझं आधीचं निवेदन खोटं होतं. नोंदी माझे दिवंगत वडील चांदसाहेब मुलाणी यांनी घेतल्या. लेखातही तशी दुरुस्ती केली आहे."

मेल गेला. रिकाम्या स्टाफरूममध्ये ती मोठ्याने म्हणाली, "अब्बा, मला तुमची लाज वाटायची."